हिंदी प्रश्नावलीवरील खर्चाविषयी थोडेसे

रुग्णालयाच्या समुपदेशन विभागाच्या खर्चात यंदा ‘हिंदी प्रश्नावली : परवाना, छपाई व प्रशिक्षण’ अशी एक नवी बाब आपणांस दिसेल. अवघ्या चौदा प्रश्नांच्या कागदावर पैसे कशासाठी खर्चावेत, तो आपल्याच कर्मचाऱ्यांकडून हिंदीत उतरवून घेतला असता तर चालले नसते काय, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. पृच्छा रास्त आहे. आरंभी आम्ही नेमके तेच केले होते. ते का सोडावे लागले, हे येथे नमूद करीत आहोत.

सदर प्रश्नावलीचे नाव ‘हॉस्पिटल अँक्झायटी अँड डिप्रेशन स्केल’. झिगमंड व स्नेथ या ब्रिटनमधील डॉक्टरांनी ती १९८३ साली प्रसिद्ध केली. तीत सात प्रश्न चिंतेचे व सात प्रश्न नैराश्याचे असतात. गेल्या आठवड्यात कसे वाटले हे रुग्ण सांगतो आणि प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण मिळतात. म्हणजे दोन्ही मापांवर कमाल गुण प्रत्येकी २१. सातपर्यंत काळजीचे कारण नाही, आठ ते दहा ही सीमारेषा, आणि अकरा वा अधिक गुण आल्यास मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णास पाहावे, असा संकेत आहे. निदान अर्थातच तज्ज्ञच करतात. कागद केवळ दार दाखवतो.

या प्रश्नावलीचे वैशिष्ट्य तिच्या नावातच आहे. ती रुग्णालयात शारीरिक आजारावर उपचार घेणाऱ्या माणसांसाठी रचलेली आहे. थकवा, निद्रानाश, डोकेदुखी ही मनाच्या आजाराची लक्षणे असतात, तशीच ती शरीराच्या आजाराचीही असतात. म्हणून असे प्रश्न कर्त्यांनी जाणीवपूर्वक वगळले आणि भीती, धास्ती, आनंद हरपणे यांवरच भर दिला. शब्दशः भाषांतरात हीच भिंत ढासळते.

आपल्या रुग्णालयात उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली अनेक कुटुंबे उपचार घेतात. त्यांच्यासाठी आमच्या कर्मचाऱ्यांनी मोठ्या आस्थेने घरगुती हिंदी भाषांतर केले. चिंतेच्या एका प्रश्नात पोटात फुलपाखरे उडावीत तशी भीती वाटते का, अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. ‘पेट में तितलियाँ’ ऐकून रुग्ण हसू लागले, म्हणून ते बदलून ‘पेट में हलचल-सी’ असे करण्यात आले. हसणे थांबले, पण प्रश्नातली भीती नाहीशी झाली आणि उरले ते केवळ पोट. ज्याला गॅसचा त्रास, त्याला पूर्ण तीन गुण.

दुसरा प्रश्न निवांत, स्वस्थ बसता येते का, असा आहे. तो विचारतो मनाच्या स्वस्थतेविषयी. हिंदीत झाले ‘आराम से बैठ पाते हैं?’ शस्त्रक्रिया विभागातील एका आजोबांनी आमच्या समुपदेशिकेला सरळ सुनावले, “बेटी, टाँके लगे हैं, बैठूँ कैसे?” तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की हा प्रश्न चिंता मोजत नसून टाके मोजत आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एखाद्या रुग्णाचे चिंतेच्या पाच प्रश्नांवरील गुण मिळून चार झाले. पोटाच्या व बसण्याच्या प्रश्नांवर घरगुती भाषांतराने त्याला तीन-तीन गुण दिले, तर बेरीज दहा. रुग्ण सीमारेषेच्या वरच्या टोकाला. तेच दोन प्रश्न खरोखर भीती व अस्वस्थता विचारतील असे मांडले आणि उत्तरे एक व शून्य आली, तर बेरीज पाच. माणूस तोच, मन तेच.

चूक उलट दिशेनेही होते, आणि ती अधिक गंभीर. नैराश्याच्या मापात एक प्रश्न पुढे घडणाऱ्या गोष्टींकडे आनंदाने डोळे लावून बसण्याविषयी आहे. त्याचे ‘आने वाली बातों का इंतज़ार रहता है?’ असे झाले. इस्पितळातला रुग्ण वाट पाहतच असतो : रिपोर्टाची, डॉक्टरांच्या फेरीची, सुट्टीची. तो ‘हाँ, बहुत’ म्हणतो आणि त्याला शून्य गुण मिळतात, कारण येथे होकार म्हणजे नैराश्य नाही. ज्याला वास्तविक अकरा गुण मिळायला हवेत, तो या एका प्रश्नामुळे आठवर येऊ शकतो. त्याची वाट पाहणे धास्तीचे आहे की हौसेचे, हे वाक्य विचारतच नाही. ‘खुशी’ हा शब्द त्यात आलाच पाहिजे.

भाषांतर तपासण्याची रूढ रीत अशी की, दुसऱ्या व्यक्तीने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत करावे व दोन्ही ताडून पाहावीत. ही रीत आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. ‘पेट में तितलियाँ’ याचे उलट भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळते! ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना हे सहज पटेल. इमारत दुरुस्तीची रक्कम चुकून इमारत खात्यात टाकली तरी तेरीज जुळतेच.

खरी तपासणी रुग्णापाशी बसूनच होते. मसुदा तीस-चाळीस जणांना देऊन प्रत्येक प्रश्नानंतर विचारावे लागते, “इस सवाल से आप क्या समझे? अपने शब्दों में बताइए.” भीतीच्या प्रश्नावर लोक जेवणाविषयी बोलू लागले, तर वाक्य पडले असे समजावे. ‘दिल’ असलेले वाक्प्रचार हिंदीत भावनेसाठी फार गोड. परंतु हृदयरोग विभागात तेच घात करतात. त्यानंतर हिंदी व इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणाऱ्यांकडून दोन्ही आवृत्त्या भरून घेऊन गुण जुळतात का, आणि प्रत्येक प्रश्न आपल्याच मापातील भावंडांबरोबर चढतो-उतरतो का, हे संख्याशास्त्राने पाहतात. ममफोर्ड व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याच प्रश्नावलीची उर्दू आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा भाषेचे, संकल्पनेचे व मापाचे साम्य अशा तीन कसोट्या वेगवेगळ्या धरल्या होत्या. भाषेचे साम्य ही त्यांतील केवळ एक.

एक मोह मात्र आवरावा लागतो. नैराश्याच्या मापात आपली गती मंदावली आहे का, असा प्रश्न आहे. आजारी माणूस मंदावणारच, तेव्हा हा प्रश्न इंग्रजीतही पूर्ण निर्दोष नाही. तथापि तो सुधारणे हे भाषांतरकाराचे काम नव्हे. तो बदलला, तर आपले गुण इतरत्रच्या गुणांशी ताडताच येणार नाहीत. तसेच आठ व अकरा या मर्यादाही इंग्रजी रुग्णांवरून ठरलेल्या. हिंदीत त्या कितपत लागू पडतात, हे तज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडूनच कळते. म्हणून गुण सीमारेषेवर असले तरी आमच्या समुपदेशिका रुग्णाशी स्वतंत्रपणे बोलतात.

एवढी सिद्धता आपल्या रुग्णालयाच्या आवाक्यातील नाही, आणि प्रश्नावलीचे हक्क प्रकाशकांकडे असल्याने स्वतःचे भाषांतर वापरणे मुळात योग्यही नव्हते. याच कारणास्तव वर आम्ही मूळ वाक्ये न देता केवळ आशय दिला आहे. घरगुती प्रती रद्द करून अधिकृत हिंदी आवृत्ती परवान्यासह घेतली.

प्रशिक्षणाचा खर्च मात्र आमच्या मराठीमुळे झाला. वाचता न येणाऱ्या रुग्णास परिचारिका प्रश्न वाचून दाखवतात, आणि अडल्यास नकळत आपला शब्द घालतात. आता छापील वाक्य दोनदा जसेच्या तसे वाचावे, अर्थ सांगू नये व अडलेला शब्द समासात लिहून ठेवावा, असा दंडक आहे. नातेवाइकांना या पाच-दहा मिनिटांसाठी खोलीबाहेर थांबण्याची विनंती केली जाते. सासूबाई शेजारी असताना सून सातही प्रश्नांवर आनंदीच असते.