दाब कळला, पण आकारमान?

ऑफिसच्या जिन्यात लटकवलेल्या लाल सिलिंडरांपैकी ज्याला काळा भोंगा असतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. त्यावर दाबाचा काटा नसतो. आत किती वायू शिल्लक आहे हे पाहायचं तर सिलिंडर काढून वजनकाट्यावर ठेवतात. काटा बसवायला कंपन्यांना काही जड जात नाही, पण या वायूच्या बाबतीत दाब पाहून भरलेल्या मालाचा अंदाज येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर त्या सिलिंडरात द्रव आणि वायू असे दोन थरही उरत नाहीत, कारण ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडचा द्रव होतच नाही, कितीही दाबा.

ही ३१ अंशांची मर्यादा बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी काचेच्या बारीक नळ्यांमध्ये वायू दाबून शोधली आणि १८६९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडली. या तापमानाला, सुमारे ७३.८ बार दाबाला, द्रव आणि वायू यांतली सीमारेषा पुसली जाते. तोच क्रांतिक बिंदू. चार वर्षांनी, १८७३ मध्ये, योहानेस व्हान डर वाल्स या डच शिक्षकाने लायडन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याचं गणित दिलं. पुढे १९१० साली त्यांना नोबेल मिळालं.

शाळेतलं आदर्श वायूचं समीकरण, PV = RT, रेणूंना जागाही देत नाही आणि आकर्षणही. व्हान डर वाल्सनी दोन दुरुस्त्या केल्या. रेणू स्वतः जागा अडवतात, म्हणून आकारमानातून b वजा केला. रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे भिंतीवरचा मारा कमी होतो, म्हणून दाबातून a/V² वजा केला:

P = RT/(V − b) − a/V²

इथे V म्हणजे मोलर आकारमान, एका मोलने व्यापलेली जागा. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल म्हणजे ४४ ग्रॅम. तापमान आणि आकारमान दिलं तर या सूत्रातून दाब एका ओळीत निघतो. अडचण उलट्या बाजूने आहे. इंजिनिअरच्या हातात तापमान आणि दाब असतात आणि त्याला आकारमान हवं असतं, कारण टाकी केवढी आणि पाइप किती जाड हे त्यावर ठरतं. छेद सोडवून मांडणी केली की V चा घन असलेलं त्रिघाती समीकरण समोर येतं:

V³ − (b + RT/P)V² + (a/P)V − ab/P = 0

आता खरे आकडे घालू. a आणि b हे क्रांतिक तापमान व दाब यांवरून काढतात. कार्बन डायऑक्साइडसाठी b येतो ४२.८५ घनसेंमी, तर a साधारण ३६.६ लाख (बार आणि घनसेंमी या एककांत). तापमान ४० अंश आणि दाब ९० बार घेऊ. कॉफीतलं कॅफीन किंवा मसाल्यांचा अर्क या वायूने काढतात, ते काम याच पट्ट्याच्या आसपास, बरेचदा याहून जास्त दाबाला चालतं. मग समीकरण असं होतं:

V³ − 332.13V² + 40630V − 1741000 = 0

ते सोडवायची नेहमीची रीत न्यूटनची. एक अंदाज घ्यायचा, तिथे वक्राचा उतार काढायचा, त्या उताराने सरळ रेषा खाली आणायची आणि ती शून्याला जिथे मिळेल तो पुढचा अंदाज. आदर्श वायूचं उत्तर, RT/P म्हणजे २८९.३ घनसेंमी, हा पहिला अंदाज धरला तर पायऱ्या अशा पडतात: २८९.३, २२४.७, १७८.८, १४३.८, ११४.८, ९९.७ आणि मग ९९.८. आदर्श वायूच्या सूत्रावर विसंबणारा माणूस जवळजवळ तिप्पट मोठी टाकी बांधून बसला असता.

इथवर सगळं सुरळीत आहे, कारण ४० अंशांना या समीकरणाला एकच खरं मूळ आहे. आता थेट क्रांतिक बिंदूवर जाऊ. आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून Z = PV/RT ही राशी वापरतो. ती आदर्श वायूसाठी बरोबर १ असते. क्रांतिक बिंदूवर व्हान डर वाल्सचं समीकरण आकसून असं होतं:

(Z − 0.375)³ = 0

तिन्ही मुळं एकाच जागी येऊन बसली. उत्तर डोळ्यांना दिसतंय, ०.३७५, पण न्यूटनच्या रीतीला ते दिसत नाही. तिला पुढे जायला उतार लागतो आणि मुळापाशी उतारच शून्य होतो. साध्या मुळाजवळ दर पायरीला बरोबर अंक दुप्पट होत जातात, तर इथे दर पायरीला चूक फक्त एक तृतीयांशाने घटते. १ पासून निघालात तर आकारमानं येतात ३४२.८, २७१.४, २२३.८, १९२.०, १७०.९ अशी. दहा पायऱ्यांनंतर आपण १३२.३ वर असतो आणि पोचायचं असतं १२८.५ ला.

नुसतं उशिरा पोचणं परवडलं असतं. घात होतो तो थांबण्याच्या अटीत. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं की समीकरणाची डावी बाजू दशलक्षांशापेक्षा लहान झाली की थांब. इथे डावी बाजू म्हणजे चुकीचा घन, आणि लहान संख्येचा घन फारच लहान. अकराव्या पायरीला Z मधली चूक ०.००७ आहे, तिचा घन दशलक्षांशाच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे प्रोग्रॅम समाधानाने उत्तर छापतो, १३१. चूक जवळजवळ २ टक्के, आणि पडद्यावर एकही इशारा नाही. म्हणून डावी बाजू किती उरली यावर न थांबता, लागोपाठच्या दोन उत्तरांत फरक किती पडला ते पाहावं. ४० अंशांसारखं एकच मूळ असेल तिथे मी तर न्यूटनच्या नादी न लागता अर्ध्या-अर्ध्याची पद्धत वापरेन. V = b ठेवलं की डावी बाजू नेहमी ऋण येते. वरच्या उदाहरणात V = २८९.३ ला ती धन आहे. मूळ या दोहोंत कोंडलेलं आहे. मधला बिंदू घ्यायचा, चिन्ह पाहायचं, निम्मा पट्टा टाकून द्यायचा. बारा वेळा असं केलं की २४६ घनसेंमीचा पट्टा ०.०६ वर येतो. रटाळ काम आहे, पण फसवणूक नाही.

तरीही सगळा दोष गणिताच्या रीतीवर टाकता येत नाही. या बिंदूपाशी निसर्गच तसा आहे. घाटाच्या चढणीवर उंची सांगितली की माणूस कुठे उभा आहे ते नेमकं कळतं. कोकणातल्या सड्यावर तीच उंची मैलभर पसरलेली असते, मग उंचीवरून जागा सांगायची कशी? क्रांतिक बिंदूपाशी दाब-आकारमानाचा वक्र असाच आडवा पडतो. दाब एक हजारांशाने, म्हणजे जेमतेम ०.०७ बारने वाढवला, तर व्हान डर वाल्सच्या समीकरणाप्रमाणे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी घटतं. आणि खरा वायू त्याहून आडवा वागतो. समीकरणात दाबातला फरक आकारमानातल्या फरकाच्या तिसऱ्या घाताने जातो, तर मोजमापांत तो घात ४.८ च्या आसपास निघतो. कारखान्यातल्या साध्या दाबमापकावर विसंबून इथलं आकारमान सांगणं व्यर्थ आहे. घनता थेट मोजावी, नाहीतर सिलिंडरासारखं वजन करावं.

क्रांतिक तापमानाच्या खाली वेगळाच पेच येतो. तिथे काही दाबांना तीन मुळं मिळतात. सर्वांत लहान द्रवाचं, सर्वांत मोठं वायूचं, आणि मधलं टाकून द्यायचं, कारण त्यानुसार पदार्थ दाबला की दाब कमी होतो आणि असा पदार्थ टिकूच शकत नाही. पुस्तकं इथे थांबतात, पण बिंदूच्या जवळ हा तीन मुळांचा पट्टा फार अरुंद असतो. २७ अंशांना कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्षात सुमारे ६७ बारला उकळतो. व्हान डर वाल्सच्या समीकरणाला मात्र त्या तापमानाला तीन मुळं मिळतात ती साधारण ६९ ते ७० बारच्या दरम्यान. ६७ बार दिलेत तर ते एकच मूळ देईल, वायूचं. द्रवाचं उत्तर हवं असताना प्रोग्रॅम वायूचं आकारमान काढून देत असेल, तर चूक आपल्या टायपिंगची नसून इथली असण्याची शक्यता जास्त.

मूळ अचूक काढलं, योग्य ते निवडलं, तरी ते खऱ्या वायूचं आकारमान असेलच असं नाही. ४० अंशांना मोजलेली आकारमानं अशी आहेत: ८० बारला १५८ घनसेंमी, ९० ला ९१, १०० ला ७०. व्हान डर वाल्सचं समीकरण म्हणतं १५४, १००, ९०. विरळ बाजूला उत्तर छान जमलं, दाट बाजूला ते जवळजवळ ३० टक्क्यांनी घसरलं. कारण b मध्ये सापडतं. समीकरणाच्या मते एका मोलला ४२.८५ घनसेंमीच्या आत कोंबणं अशक्य. पण उणे ५६ अंशांच्या थंड द्रवात कार्बन डायऑक्साइडचा एक मोल साधारण ३७.४ घनसेंमीत मावतो! ज्याला किमान जागा म्हटलं तीच जास्त निघाली, म्हणून दाट वायूचं आकारमान नेहमी फुगून येतं.

यातून सुटका करून घेण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात होत राहिले. १९४९ मध्ये रेडलिक आणि क्वाँग, १९७२ मध्ये सोआव्ह, १९७६ मध्ये पेंग आणि रॉबिन्सन यांनी आकर्षणाचं पद बदलून नवी समीकरणं दिली. सगळी त्रिघातीच, कारण त्रिघाती समीकरण सूत्राने सुटतं आणि मोठ्या प्रकल्पाच्या हिशेबात ते लाखो वेळा सोडवावं लागतं. क्रांतिक आकारमान व्हान डर वाल्सप्रमाणे १२८.५, रेडलिक-क्वाँग आणि सोआव्हप्रमाणे ११४, पेंग-रॉबिन्सनप्रमाणे १०५, आणि मोजलेलं ९४. सुधारणा आहे, पण हा आकडा प्रत्येक समीकरणात घट्ट रुतलेला आहे. दोन स्थिरांक क्रांतिक तापमान आणि दाब जुळवण्यात खर्च झाले की आकारमान जुळवायला हातात काहीच उरत नाही. १०० बारला पेंग-रॉबिन्सन ७८ देतं, म्हणजे व्हान डर वाल्सपेक्षा बरंच बरं. ९० बारला मात्र ९८.५, म्हणजे जुन्यापेक्षा फारसं पुढे नाही.

एक युक्ती बरीच वापरली जाते. आलेल्या आकारमानातून एक ठरावीक आकडा वजा करायचा. १९८२ मध्ये पेनेलू आणि सहकाऱ्यांनी ती नीट बसवली आणि दाखवलं की तिने द्रव-वायूचा समतोल बिघडत नाही. थंड द्रवाला ती झकास लागू पडते. क्रांतिक बिंदूपाशी मात्र लागणारी दुरुस्ती अंशाअंशाला बदलते, त्यामुळे एकच आकडा पुरत नाही. तिथे खरंच अचूक आकारमान हवं असेल तर स्पान आणि वाग्नर यांचं १९९६ चं समीकरण घ्यावं, ज्यात डझनावारी पदं आहेत आणि जे फक्त कार्बन डायऑक्साइडसाठी बेतलेलं आहे. पेंग-रॉबिन्सन त्याच्या पहिल्या अंदाजापुरतं चालतं.