क्रिएटिनिन नॉर्मल, मग ईजीएफआर ५७ कसा?

किडनीच्या रिपोर्टमध्ये एक विसंगती हमखास दिसते. क्रिएटिनिनच्या ओळीत १.१ लिहिलेले असते, शेजारच्या नॉर्मल मर्यादेत ते बसते आणि त्यावर ठळक खूणही नसते. दोन ओळी खाली ईजीएफआर ५७ असतो आणि त्याखाली लिहिलेले असते की ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार समजावा. वाचणाऱ्याला वाटते, लॅबची काहीतरी गफलत झाली. गफलत झालेली नसते. या दोन ओळींत मोजलेला आकडा एकच आहे, तो म्हणजे क्रिएटिनिन. ईजीएफआर हा त्याच आकड्यावरून, वय आणि लिंग धरून, सूत्राने काढलेला अंदाज असतो.

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंमध्ये. ते रक्तात येते आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. स्नायू तेवढेच राहिले तर रोज तयार होणारे क्रिएटिनिनही साधारण तेवढेच असते. म्हणूनच त्याच्यावरून गाळण ओळखता येते. घराच्या टाकीत एका नळाने सारखे पाणी पडते आहे आणि खालच्या तोटीने ते वाहून जाते आहे, असे समजा. तोटी निम्मी बंद केली तर टाकी ओसंडत नाही. पातळी वाढते, पाण्याचा दाब वाढतो आणि एका उंचीवर येणारे आणि जाणारे पाणी पुन्हा सारखे होते. रक्तातही असेच घडते. गाळण निम्म्यावर आली की क्रिएटिनिन जवळपास दुप्पट होऊन तिथे स्थिरावते.

यातून निघणारी गोष्ट फार थोड्या रुग्णांना कुणी सांगते. मधुमेह असलेल्या ६२ वर्षांच्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राप्रमाणे त्यांचे क्रिएटिनिन ०.७ असेल तर ईजीएफआर ९८ येतो. १.४ झाले की तो ४३ वर येतो आणि २.८ झाले की १९ च्या आसपास. म्हणजे क्रिएटिनिन पहिल्यांदा ०.७ ने वाढले तेव्हा ५५ गेले, पुढे १.४ ने वाढले तेव्हा २४ च गेले. सुरुवातीची वाढ दिसायला किरकोळ, पण तीच सर्वांत महागाची. आणि ती बरीचशी ‘नॉर्मल’ मर्यादेच्या आतच होऊन जाते.

लॅबची ती मर्यादा पुष्कळदा सर्वांना एकच पट्टी लावते, हीसुद्धा अडचण आहे. तिशीतल्या धडधाकट पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ असेल तर ईजीएफआर ९३ येतो, कारण त्याचे स्नायू मुळातच जास्त क्रिएटिनिन बनवतात. आपल्या बाईंचे तेच १.१ म्हणजे ५७. सूत्राला वय कळते, लिंग कळते. अंगावर स्नायू किती आहेत हे मात्र कळत नाही. अगदी कृश माणसाचा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचा किंवा पाय कापलेल्या मधुमेह्याचा ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. जिममध्ये जाऊन क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या मुलाचा उगाच वाईट दिसतो. अशी शंका असली की डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी करायला सांगतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

आता बाईंचे पुढचे रिपोर्ट पाहू. पहिल्या वेळी १.१ आणि ५७. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही तेच. त्यामुळे आजार आहे हे नक्की झाले. टप्पा तिसरा ‘अ’, म्हणजे ४५ ते ५९ मधला. त्यानंतर त्यांना जुलाब झाले, अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही चार-पाच दिवस घेतल्या, आणि त्याच आठवड्यात केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ आले. ईजीएफआर ४६. घरात घबराट, की दहा-अकरा टक्के किडनी गेली! गेलेली नव्हती. शरीरातले पाणी कमी झाले होते आणि अशा पेनकिलरने किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाही घटतो. गोळ्या बंद झाल्या, जुलाब थांबले, दोन आठवड्यांनी आकडा पुन्हा १.१ वर आला. दर वेळी असे परत येईलच याची खात्री मात्र देता येत नाही. म्हणून किडनीचा आजार असलेल्याने या जातीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

आकडा हलायला आजारच लागतो असेही नाही. आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर शिजलेल्या मांसातले क्रिएटिनिन रक्तात उतरते. लघवीच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायमेथोप्रिमसारख्या औषधाने क्रिएटिनिन वाढते, पण गाळण तशीच राहते. एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये गेले तरी ०.१ चा फरक पडू शकतो, आणि बाईंच्या बाबतीत ०.१ म्हणजे ईजीएफआरमध्ये पाच-सहा. त्यामुळे ५७ चे ५४ झाले म्हणून रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. ओळीने तीन-चार रिपोर्ट उतरते असतील तर मात्र ती खरी घसरण.

पुढच्या भेटीत बाईंना टेल्मिसार्टन सुरू केले. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ५१. इथेच पुष्कळ रुग्ण ‘गोळीने किडनी बिघडवली’ म्हणून गोळी सोडतात, आणि तिथेच नुकसान करून घेतात. हे औषध किडनीच्या गाळण्यांमधला दाब उतरवते. दाब उतरला की गाळण सुरुवातीला थोडी कमी होते आणि त्याच दाब उतरण्यामुळे गाळण्या जास्त वर्षे टिकतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर सहसा औषध चालू ठेवतात. बाईंच्या बाबतीत ती मर्यादा १.४ च्या आसपास येते. त्यापुढे गेले किंवा पोटॅशियम वाढले तर डॉक्टर पुन्हा विचार करतात. मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही सुरुवातीला अशीच छोटी घट दिसते.

उलट, आकडा कमी झाला म्हणजे किडनी सुधारली असेही नाही. ‘क्रिएटिनिन उतरवतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांचा पुरावा म्हणून रिपोर्ट दाखवले जातात. माणसाने मांसाहार बंद केला, खाणे घटले, वजनाबरोबर स्नायू गेले, तरी क्रिएटिनिन उतरते. गाळण होती तिथेच असते.

टेल्मिसार्टन सुरू करण्याचे कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये नव्हतेच. ते लघवीत होते. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर, म्हणजे एसीआर, ३० च्या आत हवे. बाईंचे १८० होते. ५७ ईजीएफआर आणि लघवीत प्रथिन नाही, अशा वयस्क माणसाची किडनी पुष्कळदा वर्षानुवर्षे तिथेच रेंगाळते. त्याच ५७ बरोबर एसीआर १८० असेल तर धोका बराच जास्त. तरीही केएफटी करणाऱ्यांपैकी अनेकांची ही तपासणी कधी झालेलीच नसते, कारण ती त्या पॅकेजमध्ये नसते.

तेव्हा पुढच्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, आदल्या रात्री मांसाहार टाळा, आणि ताप-जुलाबाच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नेहमीची तपासणी करू नका. डॉक्टरांकडे जाताना एकच कागद नेऊ नका, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्याही. आणि एसीआर झालेले नसेल, तर ते करायचे का हे तुम्हीच विचारा.