एफा लहान, शेकेल मोठा: आमोसचा आठवा अध्याय दुकानात बसून वाचताना

मंडळी, आजच्या अभ्यासासाठी तीनच वचनं घेतली आहेत, आमोस ८:४ ते ६. सोबत अनुवाद २५:१३ ते १६ उघडून ठेवा, म्हणजे झालं.

आमोस हा तकोवाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या यहूदातला. मेंढरं राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. तो बोलला मात्र उत्तरेच्या इस्राएल राज्यात, दुसऱ्या यराबामाच्या काळात, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात. राज्यात तेव्हा पैसा होता. आणि ज्या व्यापाऱ्यांवर तो बोट ठेवतो ते काही नास्तिक नव्हते. अमावस्येचा सण आणि शब्बाथ ते पाळत होते. फक्त सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, याकडे त्यांचं लक्ष होतं. मला वाटतं, हे वाचून आपण जरा सावध व्हावं.

आता ते काय करत होते ते बघू. आमोस म्हणतो, एफा लहान करायचा आणि शेकेल मोठा. एफा हे धान्याचं माप, आपल्याकडच्या पायलीसारखं भरून द्यायचं. शेकेल म्हणजे तेव्हा नाणं नव्हे, वजन. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे आणायचं आणि दुकानदार ते पारड्यात घालून समोर दगडाचं वजन ठेवायचा. यहूदात असे घुमटाकार दगड उत्खननात सापडले आहेत. ते आमोसनंतरच्या काळातले आहेत, पण त्यावरून शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा होता हे कळतं.

म्हणजे व्यवहारात मापं दोन. देताना एफा, घेताना शेकेल. समजा, एक एफा धान्याला एक शेकेल चांदी असा भाव आहे. दुकानदारानं एफा दहाऐवजी नऊ भागांचा केला आणि दगड दहाऐवजी अकरा भागांचा. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "दहा टक्क्यांचा तर फरक!" पण गिऱ्हाइकानं चांदी दिली अकरा भाग आणि धान्य नेलं नऊ भाग. खऱ्या मापानं त्याला अकरा भाग मिळायला हवे होते. म्हणजे जवळजवळ अठरा टक्के धान्य गेलं, आणि भाव मात्र बाजारात होता तोच राहिला. ओरडायला जागाच नाही.

त्यात भुसा मिसळलेला गहू. मग घरात धान्य पुरत नाही, उसनं घ्यावं लागतं, आणि त्या काळी कर्ज फिटलं नाही तर माणूस किंवा त्याची मुलं चाकरीत जात. २ राजे ४:१ मधली विधवा नेमकं हेच रडते. म्हणून आमोस मापाच्या गोष्टीवरून थेट चपलांच्या जोडासाठी माणूस विकत घेण्यावर येतो. मधली साखळी त्याच्या ऐकणाऱ्यांना ठाऊक होती.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. हातानं घडवलेले दगड थोडे कमीजास्त भरणारच. सापडलेली वजनंही तंतोतंत सारखी नाहीत. मग चूक कुठली आणि लबाडी कुठली? एका दगडावरून ते सांगता येत नाही. अनुवादाचं पुस्तक म्हणूनच पिशवीतल्या दोन दगडांबद्दल बोलतं, एक मोठा, एक लहान. चूक कधी या बाजूला पडते, कधी त्या. फरक दर वेळी एकाच माणसाच्या खिशात जात असेल, तर ती चूक नव्हे.

आपल्या तराजूवर सरकारी शिक्का असतो, पण हजेरीच्या वहीवर नसतो. एक हिशोब मांडू. कामाची वेळ साडेनऊ ते सहा. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा तास कापायचा, आणि संध्याकाळी वीस मिनिटं जास्त थांबलं तर धरायचं नाही. महिन्यात सहा दिवस उशीर झाला, बारा दिवस थांबणं झालं. खरा उशीर एक तास, जास्तीचं काम चार तास. म्हणजे माणसानं तीन तास जादा दिले. वही म्हणते, तीन तास कमी. सहा तासांचं अंतर, आणि वहीत खोटा आकडा एकही नाही! नियमच तसा केलेला.

आमोस नफा घेऊ नका म्हणत नाही. भाव किती असावा, मजुरी किती, हेही तो सांगत नाही. ते त्याच्याकडून काढायला जाऊ नका. त्याचा प्रश्न घेण्याचं आणि देण्याचं माप एकच आहे का, एवढाच आहे.

पुढच्या बैठकीला येताना मागच्या एका महिन्याची वही काढा. येणं आणि देणं, दोन्ही बाजूंची पूर्णांकात केलेली, कापलेली, पुढे ढकललेली प्रत्येक रक्कम एका कागदावर लिहा, आणि तिच्यासमोर फायदा कुणाचा झाला तेवढंच नाव. नावं दोन्हीकडची निघतात का ते बघू. मग मीखाचा सहावा अध्याय घेऊ.