एक रुपयाची सही

‘7 दिवस फुकट, आज फक्त 1 रुपया’ अशी पाटी दाखवणारी अ‍ॅप आता प्रत्येकाच्या फोनवर असतात. कुणी योगासनं शिकवतं, कुणी इंग्रजी, कुणी मालिका दाखवतं. सात दिवस फुकटच द्यायचे आहेत, तर हा एक रुपया कशासाठी, असा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. रक्कम इतकी किरकोळ असते की विचार न करता यूपीआयचा पिन टाकला जातो. कंपनीला तो रुपया नकोच असतो, पुष्कळदा तो परतही येतो. तिला हवा असतो तुमचा पिन.

आठव्या दिवशी 499 रुपये जातात तेव्हा खात्यातून चोरी झाल्यासारखं वाटतं. पण बँकेच्या नोंदीत ती चोरी नसते. पहिल्या दिवशी टाकलेल्या पिनने आपण दोन गोष्टी एकदम केलेल्या असतात: एक रुपया दिला, आणि पुढचे पैसे न विचारता कापून घ्यायला कायमची संमती दिली. या संमतीला बँकेच्या भाषेत ‘ई-मॅन्डेट’ म्हणतात, यूपीआयवर तीच ‘ऑटोपे’ या नावाने दिसते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की अशी संमती नोंदवताना आणि पहिला व्यवहार होताना ग्राहकाची ओळख पिनने किंवा ओटीपीने पटवून घ्यावी. नोंदणी आणि पहिला व्यवहार एकत्र करायला परवानगी आहे. एक रुपयाने नेमकं हेच साधतं. त्यानंतर एका वेळी 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिन न विचारता जाऊ शकते.

म्हणून पिन टाकण्याआधीचा पडदा सावकाश वाचायला हवा. समजा, आई रविवारी रात्री 9 वाजता योगाच्या एका अ‍ॅपची सात दिवसांची ट्रायल घेते आहे. वर ठळक अक्षरात 1 रुपया दिसतो. खाली बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात. पहिली, पैसे किती दिवसांनी जाणार: महिन्याने, तीन महिन्यांनी की वर्षाने. दुसरी, कमाल रक्कम. वर्गणी 499 असली तरी इथे 1,499 लिहिलेलं असू शकतं. म्हणजे उद्या कंपनीने दर वाढवला तरी त्या मर्यादेपर्यंत आईचा पिन पुन्हा लागणार नाही. तिसरी, संमती कधी संपणार. ती तारीख दहा-वीस वर्षांनंतरचीही असते. सात दिवसांच्या चवीसाठी वीस वर्षांची संमती द्यायची का, हे ठरवायची जागा हाच पडदा. या तीन ओळी पटल्या नाहीत तर पिन न टाकता मागे फिरावं, कारण इथून फिरायला काहीच पडत नाही.

आता आईने ट्रायल घेतली आहे असं धरून चालू. सात दिवस म्हणजे पुढच्या रविवारी रात्री 9 पर्यंत, तेव्हा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बंद केलं तरी चालेल, असं कुणीही म्हणेल. इथेच बहुतेकांचे पैसे जातात, आणि त्यामागे कारण आहे.

ट्रायल कधी संपते आणि पैसे कधी कापले जातात, या दोन वेळा एक नसतात. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवर चालू मुदत संपण्याच्या आधीच्या 24 तासांत केव्हाही रक्कम आकारली जाऊ शकते, म्हणून ट्रायल संपायच्या किमान 24 तास आधी ती रद्द करा, असं अ‍ॅपल स्वतःच सांगते. यूपीआयवर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे. गर्दीच्या वेळी यंत्रणेवर ताण येऊ नये म्हणून 1 ऑगस्ट 2025 पासून ऑटोपेचे पैसे सकाळी 10 च्या आधी, दुपारी 1 ते 5 या वेळेत किंवा रात्री साडेनऊनंतरच कापायचे, असं एनपीसीआयने ठरवलं आहे. कंपनीने वसुलीची तारीख रविवार टाकली असेल तर ते 499 रुपये शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर, आई झोपेत असताना जाऊ शकतात. रविवारी दुपारी ती अ‍ॅप उघडेल तेव्हा उशीर झालेला असेल.

खात्यात शिल्लक नसेल तर आपोआप सुटका होईल, असंही काही जण धरून चालतात. होत नाही. पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा प्रयत्न करायची मुभा यंत्रणेत आहे, आणि तेवढ्यात पेन्शन जमा झाली की पैसे जातात.

पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून काटेकोरपणे लागू झाला. कोण कापणार, किती, कधी आणि कशासाठी, हे त्या सूचनेत असावं लागतं, आणि ती आल्यावर तो एक व्यवहार किंवा अख्खी संमती नाकारायचा हक्क ग्राहकाला आहे. हा नियम चांगला आहे आणि त्याने खूप लोकांचे पैसे वाचतात. पण त्याच्यावर विसंबू नये. सूचना एसएमएसने येते किंवा ईमेलने, बहुधा इंग्रजीत, कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांमध्ये मिसळून. आमच्या उदाहरणात ती शुक्रवारी रात्री आली असेल आणि शनिवार लग्नात गेला असेल, तर हातात काहीच उरत नाही. सूचनेकडे शेवटची संधी म्हणून पाहावं. रद्द करायचा बेत तिच्या आधीच उरकलेला असावा.

मग सर्वांत सुरक्षित वेळ कोणती? माझं मत स्पष्ट आहे: ट्रायल घेतली त्याच संध्याकाळी. बऱ्याच सेवांमध्ये पहिल्याच दिवशी रद्द केलं तरी उरलेले सहा दिवस वापर चालूच राहतो. थांबतं ते फक्त पुढचं नूतनीकरण. अँड्रॉइडवर गूगल प्लेमार्फत घेतलेल्या ट्रायलमध्ये सहसा असंच होतं. काही सेवा मात्र रद्द करताच दार लावून घेतात; अ‍ॅपलच्या स्वतःच्या काही सेवांच्या ट्रायलमध्ये असा अनुभव येतो. आपली सेवा कोणत्या प्रकारची, हे ओळखायला अंदाज करावा लागत नाही. रद्द करायचं शेवटचं बटण दाबण्याआधीच्या पडद्यावर ते लिहिलेलं असतं. अमुक तारखेपर्यंत वापरता येईल असं लिहिलं असेल तर तिथेच, त्याच दिवशी दाबून मोकळं व्हावं. लगेच बंद होईल असं असेल तर मागे फिरावं आणि मुदतीच्या दोन पूर्ण दिवस आधीचा गजर फोनवर लावावा. आईच्या बाबतीत तो शुक्रवारी संध्याकाळचा. चोवीस तासांऐवजी दोन दिवस अशासाठी, की मध्यरात्रीची वसुली, परदेशी कंपनीच्या घड्याळातला फरक आणि एखादा विसरलेला दिवस, हे सगळं त्यात सामावतं.

रद्द करायचं म्हणजे नेमकं काय, यातही फसगत होते. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. संमती बँकेकडे असते, अ‍ॅपमध्ये नव्हे. ट्रायल जिथून घेतली तिथेच जावं लागतं. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबून Payments & subscriptions मध्ये Subscriptions उघडावं. आयफोनवर Settings मध्ये स्वतःच्या नावावर दाबलं की Subscriptions सापडतं. कंपनीच्या अ‍ॅपमध्येच थेट यूपीआयने पैसे दिले असतील तर या दोन्ही ठिकाणी काही दिसणार नाही. त्या कंपनीच्या अ‍ॅपमधल्या खात्यातच शोधावं लागेल.

तिथे एका दाबात काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी कारण विचारतील, मग निम्म्या किमतीत राहा म्हणतील, मग महिनाभर थांबवून ठेवा असं सुचवतील. ‘थांबवणं’ म्हणजे रद्द करणं नव्हे. महिन्याने वसुली पुन्हा सुरू होते. काम झालं की नाही याची खूण एकच. आधी जिथे Renews on आणि तारीख होती, तिथे आता Expires on किंवा रद्द झाल्याचा उल्लेख दिसला पाहिजे. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढावा आणि ईमेल आली असेल तर ती जपून ठेवावी.

यानंतर दुसरं काम. आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये Autopay नावाचा भाग असतो, गूगल पे आणि फोनपे दोन्हींत तो प्रोफाइलमध्ये सापडतो. तिथे त्या कंपनीची संमती शोधून ती रद्द करावी. त्यासाठी पिन लागतो. क्रम हाच ठेवावा: आधी कंपनीकडे वर्गणी रद्द, मग बँकेकडे संमती रद्द. नुसती संमती काढली तर पैसे जाणार नाहीत, पण कंपनीच्या दप्तरी आपण ग्राहक राहतो आणि थकबाकीचे मेसेज येत राहतात. नुसती वर्गणी रद्द केली तर कंपनीच्या चुकीने पैसे जायची वाट उघडी राहते. प्ले स्टोअरच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. गूगलच्या नावाच्या एकाच संमतीवर इतर वर्गण्याही चालू असू शकतात, त्यामुळे ती कशासाठी आहे हे पाहूनच हात लावावा.

तरीही पैसे गेले तर? कंपनीने नियम पाळले असतील तर बँक हात वर करते, कारण पिन आपणच टाकलेला असतो. परतावा कंपनीकडेच, आणि त्याच दिवशी मागावा लागतो. पण संमती रद्द केल्यानंतर पैसे गेले, किंवा आधी सूचनाच आली नाही, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. स्क्रीनशॉट इथे कामाला येतो.

कंपनीविरुद्धही दाद मागता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या. त्यांत फसव्या रचनेचे 13 प्रकार आहेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यांतला एक. रद्द करायचा पर्याय लपवणं किंवा किचकट करणं त्यात येतंच. पण फुकट सेवेसाठी पैशांचा तपशील किंवा ऑटो डेबिटची संमती द्यायला भाग पाडणं, हेही त्यात येतं. म्हणजे ज्या एक रुपयाच्या पडद्यापासून आपण सुरुवात केली, तोच पडदा या सूचनांच्या कक्षेत येऊ शकतो. हे फार कमी ग्राहकांना ठाऊक आहे, आणि तक्रारी आल्याशिवाय कंपन्या बदलणार नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. रक्कम 99 रुपयांची असली तरी तक्रार नोंदवा, आणि आज सवड काढून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधली ऑटोपेची यादी त्यांच्याबरोबर बसून एकदा पाहा.