हिरवा बटाटा: फोटोत काय पाहावे?

भिवंडी तालुका भाताचा. पूर्णा गावात बटाटा येतो तो बहुधा बाजारातून, आणि मग कोपऱ्यातल्या गोणीत पडून राहतो. खिडकीचा उजेड लागला की वरचे बटाटे हिरवे पडतात. हल्ली माताभगिनी अशा बटाट्याचा मोबाइलवर फोटो काढून विचारतात, "साहेब, हा खाऊ का?"

आधी हिरवेपणाचे कारण पाहू. बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे. उजेड लागताच त्यात पानातलेच हरितद्रव्य तयार होते. ते विषारी नाही. पण त्याच उजेडाने सोलॅनिन व चॅकोनिन ही कडू विषद्रव्येही वाढतात. म्हणजे हिरवा रंग हे विष नव्हे, विषाची खूण आहे. ही द्रव्ये साल, डोळे आणि कोंबांत सर्वांत जास्त असतात. उकडून वा तळून ती फारशी जात नाहीत.

लंडनच्या लुइशम भागातील एका शाळेत 1969 साली जुने, उरलेले बटाटे सोलून, उकडून दिले गेले. 78 मुले आजारी पडली व 17 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. उलट्या, जुलाब, पोटदुखी ही लक्षणे होती. सर्वजण बरे झाले.

आता फोटो. पिवळ्या दिव्याखाली हिरवा बटाटा पिवळाच दिसतो. म्हणून तो दिवसा, सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून काढावा. शेजारी एक चांगला बटाटा ठेवावा. दोन्ही बाजू दाखवाव्यात आणि एक चकती कापून आतला भागही दाखवावा.

समजा, फोटोत रुपयाएवढा हिरवा डाग आहे आणि चकती आतून स्वच्छ आहे. मग साल जाड काढावी, हिरवा भाग पुरता कापून टाकावा, बाकीचा वापरावा. हिरवेपणा निम्म्या बटाट्यावर पसरला असेल किंवा आत गेला असेल, तर तो टाकावा. घट्ट बटाट्याला बारीक कोंब असतील तर ते डोळ्यासकट खोलवर कोरून काढावेत. लांब कोंब फुटून बटाटा मऊ व सुरकुतलेला झाला असेल तर तो खाऊ नये.

पण फोटोला मर्यादा आहेत. अंधारात कोंब फुटलेला किंवा मार लागलेला बटाटा हिरवा न दिसताही विषारी होऊ शकतो. मऊपणा हातालाच कळतो. शिजवलेली भाजी कडू लागली किंवा घशात जळजळ झाली, तर घास तिथेच थांबवावा. लहान मुलांच्या ताटात तर शंकेचा बटाटा नकोच. टाकलेल्या साली व कोंब गुरांपुढेही घालू नयेत, खड्ड्यात पुरावेत.

गोणी अंधाऱ्या, थंड आणि हवेशीर जागी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत बटाटे ठेवू नयेत. बियाण्यासाठी मात्र पसरट उजेडात हिरवे केलेले बटाटे चालतात. ते ताटात येऊ देऊ नयेत, एवढेच.