काशीच्या धुक्यात थर्मल कॅमेरा का अडतो?

वाराणसी छावणीत गोरखा रायफल्सच्या तिसऱ्या आणि नवव्या रेजिमेंटचे जवान घडवणारे ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. आजच्या पायदळाला रात्री दोन वेगळ्या नजरा लागतात. नाइट व्हिजन दुर्बीण चांदण्यांच्या क्षीण प्रकाशाचे इलेक्ट्रॉन करते, ते हजारो पटींनी वाढवते आणि पडद्यावर चित्र उमटवते. गडद ढगाळ रात्री मात्र तिला वाढवायला प्रकाशच उरत नाही. थर्मल कॅमेऱ्याला प्रकाश लागत नाही. तो शरीरातून निघणारे ८ ते १४ मायक्रॉनचे अवरक्त किरण टिपतो.

मग थर्मलच पुरे की, असे कोणी म्हणेल. पण त्याला दिसतो तो तापमानातला फरक. दिवसभर तापलेली दगडी भिंत संध्याकाळी अंगाइतकीच गरम असेल, तर पुढे उभा माणूस तिच्यात विरतो. साध्या काचेपलीकडचेही त्याला दिसत नाही. धुरातून तो बऱ्याचदा पाहतो, पण गंगाकाठच्या जानेवारीतल्या दाट धुक्यात अडतो, कारण धुक्याचे थेंब त्या किरणांच्या लांबीएवढेच, किंबहुना मोठे असतात. म्हणून दोन्ही चित्रे एकत्र करणारी ‘फ्यूजन’ उपकरणे महाग असली तरी मला योग्य वाटतात. धुक्यावर मात्र त्यांच्याकडेही इलाज नाही.