फोन वाजत नाही, तेव्हा

साताऱ्याची माझी मावशी गेल्या नोव्हेंबरात मुलावर रुसली होती. मुलगा न्यू जर्सीत असतो. रोज रात्री जेवणं आटोपली की त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल यायचा, तो एकाएकी यायचा थांबला. सकाळी उठून बघावं तर फोनवर ‘मिस्ड कॉल’ची खूण. "अरे, मी जागीच असते, उशाशी फोन असतो, पण तो वाजतच नाही," असं ती मला सांगत होती. तिकडे मुलगा शपथेवर सांगत होता, की मी रोज कॉल करतो आणि माझ्याकडे रिंग जाते.

दोघंही खरं बोलत होते. तो दुपारच्या सुट्टीत, साडेबाराला कॉल करायचा. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे मावशीकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. त्याचे साडेबारा म्हणजे आता साताऱ्याचे अकरा. मावशीच्या फोनमध्ये साडेदहापासून सकाळी सहापर्यंत ‘Do Not Disturb’ लागत होतं. कधीतरी नातवाने जाहिरातींचे आवाज नकोत म्हणून ते वेळापत्रक लावून दिलं होतं आणि सगळे विसरून गेले होते. कॉल घरापर्यंत येत होता, दारात मात्र गप्प उभा राहत होता.

कॉल वाजत नसेल तर कॉल करणाऱ्याने आधी आपल्याच पडद्यावरचा एक शब्द वाचावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नावाखाली आधी ‘Calling’ येतं आणि समोरच्या फोनपर्यंत कॉल पोचला की त्याचं ‘Ringing’ होतं. ‘Ringing’ दिसत असूनही समोर आवाज होत नसेल, तर दोष नेटवर्कचा नाही. कॉल पोचलाय, समोरच्या फोनने त्याला गप्प केलंय. शेवटपर्यंत ‘Calling’च राहत असेल, तर कॉल त्या फोनपर्यंत गेलेलाच नाही. या एका शब्दाने निम्मा शोध संपतो, आणि हा शब्द विचारण्याआधीच आपण फोन बंद-चालू करण्यात, अ‍ॅप काढून पुन्हा घालण्यात वेळ घालवतो.

मावशीच्या मुलाला ‘Ringing’ दिसत होतं, म्हणून मी सरळ तिच्या फोनमधलं ‘Do Not Disturb’ उघडलं. तिथे वेळापत्रक असतं आणि अपवादही असतात. तारांकित केलेल्या माणसांचे कॉल वाजू द्या किंवा एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल केला तर वाजू द्या, असं तिथे ठरवता येतं. पण हे अपवाद प्रामुख्याने साध्या फोनकॉलसाठी आहेत असं समजून चालावं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी अपवादांतल्या अ‍ॅपच्या यादीत त्याचं नाव वेगळं घालावं आणि लगेच कुणाला तरी कॉल करायला सांगून खात्री करावी. आयफोनमध्ये हेच काम ‘Focus’ या नावाखाली आहे. इथे सगळं नीट असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये कॉलची रिंगटोन ‘None’ झालेली नाही ना, हे पाहावं. अँड्रॉइड १३पासून नोटिफिकेशनसाठी प्रत्येक नव्या अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. नव्या फोनवर अ‍ॅप घालताना घाईत ‘नाही’वर बोट पडलं, तर कॉल येतो तेव्हा पडद्यावर काहीच उमटत नाही. आणि नवा नंबर घेतलेल्या नातेवाइकाचाच कॉल वाजत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू आहे का ते बघावं. तो नंबर नावासकट साठवला की प्रश्न मिटतो.

‘Calling’वर अडकणाऱ्या कॉलची गोष्ट वेगळी. मावशीच्या शेजारच्या काकांचा फोन दुपारभर टीव्हीजवळ पडून असायचा आणि त्या वेळात कुणाचाच कॉल लागायचा नाही. संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेऊन पडदा उघडला, की दुपारचे सगळे मेसेज एकदम धडाधड यायचे. ही खूण ओळखून ठेवा: मेसेज साचून एकदम येत असतील, तर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने त्या अ‍ॅपला झोपवलेलं असतं. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी उघडून व्हॉट्सअ‍ॅपवर जा, तिथे बॅटरीचा पर्याय असतो. तो ‘Restricted’ असेल तर ‘Unrestricted’ करा. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनसाठी हा सौदा मी बिनदिक्कत करतो. त्यांनी तो एकच अ‍ॅप वापरायचा असतो, तोही मुलांशी बोलायला.

दुबईत राहणाऱ्यांसाठी मात्र यातलं काही लागू नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. तिथून कॉल लागत नसेल तर सेटिंगशी झटापट करू नये, तिथे परवानगी असलेलं अ‍ॅप दोन्हीकडे घालावं.

घुमणाऱ्या आवाजाबद्दल तर बहुतेक जण चुकीच्या फोनवर राग काढतात. बोलताना तुमचाच आवाज क्षणभराने तुम्हाला परत ऐकू येत असेल, तर तुमचा फोन निर्दोष आहे. तुमचा आवाज समोरच्या फोनच्या स्पीकरमधून निघतो, त्याच फोनच्या माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परत येतो. मावशी स्वयंपाक करताना फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवते. फोनमध्ये घुमणं दाबणारी व्यवस्था असते, पण डब्यावर आपटून आलेला मोठा आवाज तिला आवरत नाही. खात्री करायची असेल तर समोरच्याला दहा सेकंद माइक म्यूट करायला सांगा आणि तुम्ही बोलत राहा. घुमणं थांबलं, तर मूळ तिकडेच आहे. मग त्यांनी आवाज दोन पायऱ्या कमी करावा किंवा इअरफोन लावावेत. घरातली दोन माणसं एकाच खोलीतून दोन फोनवर त्याच कॉलमध्ये असतील, तर एकाने दुसऱ्या खोलीत जावं, दुसरा इलाज नाही.

आवाज अजिबातच जात नसेल तर माइकची परवानगी पाहावी. अँड्रॉइड १२पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत सगळ्या अ‍ॅपचा माइक एकदम बंद करणारं बटणही ठेवता येतं, आणि त्यावर चुकून बोट पडतं.

कॉल मध्येच तुटत असेल तर आधी विचारा, तुटला तेव्हा माणूस कुठे होता? हॉलमधून गॅलरीत गेला असेल, तर वाय-फाय क्षीण होऊनही फोन त्याला चिकटून राहतो आणि बोलणं तुटतं. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तोच कॉल पाच मिनिटं चालवा. तो टिकला तर राउटरची जागा बदलायला हवी. दोन सिमच्या फोनवर दुसऱ्या सिमवर साधा कॉल आला, की बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो आणि व्हिडिओ गोठतो. तेवढा वेळ वाय-फायवर असाल तर डेटाचा प्रश्न येत नाही.

मावशीचं वेळापत्रक मी साडेदहावरून साडेअकरावर नेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपला अपवादात घातलं. त्याच रात्री अकराला फोन वाजला. तुमचं कुणी अमेरिकेत असेल, तर नोव्हेंबरचा पहिला रविवार येण्याआधी घरातल्या आई-वडिलांच्या फोनमधलं हे वेळापत्रक एकदा उघडून बघा.